शेजारच्या नानांचे आभार



आज मला आमच्या पाचोऱ्यातल्या शेजारच्या नानांचे जाहीर आभार मानायचे आहेत. ऐन मे महिन्यात आम्ही घराला कुलूप लावून सहकुटुंब चारधामला गेलो, आणि किल्ली नानांकडे दिली. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो. नळाला पाणी रोज येत नाही. अशा दिवसांत दुसऱ्याची झाडं सांभाळायची म्हणजे सोपं काम नव्हे.

नानांनी झाडांना पाणी घातलं, एवढंच म्हणून माझं समाधान होणार नाही. आमच्या कुंड्यांत शेतातली काळी माती आहे. ही माती वाळली की आकसते आणि कुंडीची कड सोडते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकावाटे निघून जातं. खाली ओल दिसते, पाहणाऱ्याला वाटतं पाणी पोचलं; पण मुळांभोवतीचा गोळा कोरडाच असतो.

नानांच्या हे लक्षात आलं ते मोगऱ्यामुळे. भर दुपारी पानं मलूल होतातच, ऊन उतरलं की सावरतात. हा मोगरा मात्र दिवेलागणीनंतरही मान टाकून उभा होता. नानांनी कुंडी उचलून पाहिली तर हाताला हलकी लागली. त्यांनी ती बादलीभर पाण्यात बुडवली आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तशीच ठेवली. बाहेर काढून निथळू दिली, वरची माती खुरप्याने मोकळी केली, कडेची फट दाबून बुजवली आणि वर नारळाच्या शेंड्या पसरल्या, म्हणजे ओल टिकावी. मग एकेक करून कढीपत्ता, जास्वंद, सगळ्याच कुंड्यांचं असं केलं आणि त्या दुपारच्या सावलीत, पूर्वेच्या भिंतीशी नेऊन ठेवल्या. पुढे पाणी घालायचं ते सूर्य उगवायच्या आत, कारण उन्हं चढल्यावर गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं. तुळशीची माती मात्र ते आधी बोटाने चाचपत, आत ओल असली तर त्या दिवशी पाणी नाही. सतत चिखल राहिला की मुळं कुजतात.

घराकडेही त्यांचं तसंच लक्ष. कुलरच्या टाकीत पाणी राहिलेलं दिसताच ती रिकामी करून, घासून, पालथी घातली. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, हे त्यांनी सांगितल्यावर मला कळलं.

आम्ही परतलो तेव्हा मोगऱ्याला कळ्या होत्या.

नाना, तुम्ही हे ऐकत असाल. दिवाळीत तुम्ही मुलाकडे जाल तेव्हा किल्ली आमच्याकडेच द्या. तुमच्या झाडांना पाणी आम्ही घालू, आणि आधी कुंडी उचलून पाहू.