जोडतासिका आणि आठ टेपा

मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात ‘उपक्रमासाठी जादा वेळ व साहित्य मिळावे’ एवढंच असलं, तर त्यावर निर्णय कसा घ्यायचा? म्हणून नेमकं लिहावं.

समजा, सातवीत वर्तुळाचा परीघ शिकवायचा आहे आणि मुलं चाळीस आहेत. पाच-पाचांचे आठ गट होतात. प्रत्येक गट ताट, डबा, झाकण मोजणार आणि परिघाला व्यासानं भागणार. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मोजणंच उरकतं. भागाकार आणि चर्चा राहून जाते. अर्जात हेच कारण द्यावं आणि तोडगाही सुचवावा: ‘पुढचे चार बुधवार चित्रकलेची तासिका माझ्या तासिकेला जोडून मिळावी, बदल्यात शुक्रवारची माझी तासिका मी देईन. संबंधित शिक्षकांची संमती घेतली आहे.’ वेळापत्रकाचा एकूण हिशेब बिघडत नाही, हे मुख्याध्यापकांना लगेच दिसतं.

साहित्यात आठ शिंपीटेपा मागाव्यात. सुतळी नको, ती ताणली जाते. वस्तू मोठ्या हव्यात, हेही लिहावं. तीन सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचा परीघ चार मिलिमीटरनं जास्त मोजला, तर उत्तर ३.१४ ऐवजी ३.२७ येतं, २८ सेंटिमीटरच्या ताटात तेवढीच चूक झाली तरी ३.१६च्या आतच राहतं. ताटं मुलं घरून आणतील, त्यामुळे खर्च फक्त टेपांचा. दुकानदाराचं दरपत्रक अर्जाला जोडावं, आणि पहिल्या पाठाच्या निदान आठवडाभर आधी अर्ज द्यावा.