गोच्या पटावरील नऊ सोंगट्यांची सवलत

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघांचा पट काढून घ्या. मी दोन आकडे सांगेन. पहिला डावीकडून मोजायचा, दुसरा खालून.

जपानमध्ये व्यावसायिक खेळाडू नवशिक्याला गो शिकवायला बसतो, तेव्हा तो पांढऱ्या सोंगट्या घेतो आणि नवशिक्याला नऊ काळ्या सोंगट्या आधीच मांडू देतो. या सोंगट्यांची ठिकाणे ठरलेली असतात. चार कोपऱ्यांत, चार बाजूंच्या मधोमध आणि एक पटाच्या मध्यभागी. मग पहिली खेळी पांढरा करतो. या नऊ सोंगट्यांची किंमत ढोबळमानाने शंभर गुणांच्या आसपास जाते. एवढी आघाडी असताना एखादी भक्कम खेळी दोन-तीन गुणांनी कमी पडली, तरी काळ्याचे काही बिघडत नाही. त्याला महाग पडते ते पांढऱ्याने उकरलेल्या गुंतागुंतीत शिरणे. तिथे पांढऱ्याला पुढचे दिसते आणि याला दिसत नाही.

आता खालचा डावा कोपरा पाहू. काळा चार-चारवर आहे. खालच्या बाजूच्या मधोमध, दहा-चारवर, त्याची दुसरी सोंगटी आहे. पांढरा सहा-तीनवर येतो. पुष्कळ नवशिके इथे कोपऱ्याच्या काळजीने आतल्या आत आखडतात. मी सुचवेन ती खेळी पाच-तीनची. चार-चारवरून तिरके उतरायचे आणि पांढऱ्याला चिकटून बसायचे. पांढरा सहा-चारवर उभा राहतो. मग काळ्याने चार-सहावर, एक जागा सोडून, वर उडी घ्यायची.

काळ्याच्या तिरक्या जोडीला घाबरू नका. तिला जोडणाऱ्या जागा दोन आहेत, चार-तीन आणि पाच-चार. पांढऱ्याने एक घेतली की आपण दुसरी घ्यायची.

पांढऱ्याकडे आता दोन सोंगट्यांची उभी भिंत आहे. अशा भिंतीपासून तीन जागा सोडून तिसऱ्या रेघेवर पसरावे, असा गोमधला रिवाज आहे. तसे केले की भिंतीला बैठक मिळते आणि पुढे तिथे दोन डोळे करता येतात. इथे मोजून पाहा. तीन जागा सोडून तो दहा-तीनवर पोचतो आणि त्याच्या अगदी डोक्यावर आपली दहा-चार बसलेली आहे. पसरायला वावच उरत नाही. म्हणून तो बहुधा आखूड पाऊल टाकतो, आठ-तीनवर.

इथे माझी आवडती खेळी येते: दहा-तीन. बाजूच्या सोंगटीला एक पाय खाली रोवायचा. जपानी खेळाडू हिला तेत्चू म्हणजे लोखंडी खांब म्हणतात. वरवर ही खेळी संथ वाटते, कारण तिने कुणी मरत नाही आणि कुणी तुटतही नाही. पण आता पांढऱ्याला उजवीकडे खालून सरपटत जाता येत नाही, डावीकडे कोपरा बंद आहे, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन डोळे सुखासुखी होत नाहीत. त्याला वर पळावे लागते, समजा सहा-सहावर. तो पळाला की त्याच्या मागे लागून मारायला धावू नका. आपणही दहा-सहावर उडी घ्या. पांढरा फक्त जीव वाचवत राहतो आणि त्याच वेळी आपली उजवीकडची बाजू सोळा-चारपर्यंत भरत जाते. वर मध्यभागी आपली नववी सोंगटी त्याची वाट अडवून बसलेलीच आहे.

भक्कम खेळणे आणि भित्रे खेळणे यांतला फरक पटावर दिसतो. बाजूच्या सोंगटीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्याच्या बसक्या, सुरक्षित सोंगट्या झाल्या असतील आणि आपण दुसऱ्या रेघेवर उत्तरे देत असू, तर सवलत हातची जातेय असे समजा. उलट पांढऱ्याचे दोन-तीन गट डोळ्यांवाचून वर लोंबकळत असतील, तर हिशेब न करताही आपण पुढे आहोत.

एक सावधगिरी मात्र हवी. पाच-तीनला चिकटणे शहाणपणाचे ठरले ते दहा-चारमुळे. सहा सोंगट्यांच्या सवलतीत बाजूच्या सोंगट्या फक्त डावीकडे आणि उजवीकडे असतात. खालची बाजू मोकळी असते. चार सोंगट्यांच्या सवलतीत तर चारही बाजू मोकळ्या असतात. मोकळ्या बाजूवर तीच खेळी केली, तर आपणच पांढऱ्याची भिंत उभी करून देतो आणि तो आरामात तीन जागा सोडून बसतो. तिथे चिकटू नका. सरळ चार-सहावर उडी घ्या.