एक फंड, तीन मोजपट्ट्या



व्याख्यानाच्या विषयात तीन इंग्रजी नावे पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. परंतु ज्या प्रश्नातून ही नावे निघाली तो आपल्या घरातलाच आहे. लालबागमधील एक गृहस्थ निवृत्त झाले आणि हाती आलेली सर्व रक्कम एकाच म्युच्युअल फंडात घालावी असे त्यांच्या मनात आहे. परळच्या एका बाईंची बरीच पुंजी आधीच साऱ्या बाजाराचे प्रतिबिंब असलेल्या इंडेक्स फंडात आहे आणि त्यातला दहावा हिस्सा त्यांना दुसरीकडे वळवायचा आहे. दोघांपुढे फंडांची तीच यादी आहे. मग दोघांसाठी पहिला नंबर एकाच फंडाचा असावा काय? नसावा, हे मला आज दाखवावयाचे आहे.

हिशोबासाठी मी काही कल्पित आकडे घेतो. सरकारी ट्रेझरी बिलावर बिनधोक ७ टक्के मिळतात. बाजार सरासरीने १२ टक्के देतो आणि त्या सरासरीच्या आजूबाजूला त्याचा चढउतार १५ टक्क्यांचा आहे. आता तीन फंड घ्या. पहिला सर्व प्रकारच्या मोठ्या कंपन्यांत पैसे घालतो. त्याचा परतावा १३ आणि चढउतार १६ टक्के. दुसरा केवळ औषध कंपन्यांत गुंतवतो. त्याचाही परतावा १३, पण चढउतार २० टक्के. तिसरा निर्देशांकाला जवळजवळ चिकटून चालतो. त्याचा परतावा १२.३ आणि चढउतार १५ टक्के.

विल्यम शार्प यांनी १९६६ साली मांडलेली रीत अगदी सरळ आहे. परताव्यातून बिनधोक व्याज वजा करा आणि उरलेल्या रकमेला एकूण चढउताराने भागा. पहिल्याचे ६ भागिले १६, म्हणजे ०.३७५. तिसऱ्याचे सुमारे ०.३५ आणि औषधांच्या फंडाचे ०.३०. औषधांचा फंड तळाला गेला. ज्यांची सारी पुंजी एकाच फंडात जाणार त्या लालबागच्या गृहस्थांसाठी हा निकाल योग्य आहे, कारण त्या फंडाचा प्रत्येक हेलकावा त्यांच्या घरखर्चाला बसणार.

आता क्षणभर दादर स्टेशनाबाहेरच्या फुलबाजारात चला. जो केवळ झेंडू विकतो, त्याला सणासुदीची तेजी-मंदी तर सोसावी लागतेच, शिवाय झेंडूच्या मळ्यात पाणी शिरले तर त्याची टोपली रिकामी राहते. जो वीस जातींची फुले ठेवतो, त्याचे एका मळ्याचे नुकसान दुसऱ्याने भरून निघते. मात्र पितृपक्षात गिऱ्हाईकच कमी आले, तर वीस जाती ठेवूनही तो फटका चुकत नाही. पहिली जोखीम वाटून टाकता येते, दुसरी येत नाही. न टळणाऱ्या या जोखमीच्या मापाला बीटा म्हणतात. बाजार एक टक्का हलला तर फंड सरासरीने किती हलतो, ते हे माप सांगते.

जॅक ट्रेनर यांनी शार्पच्या आधी एक वर्ष, १९६५ साली, हाच विचार मांडला होता. त्यांनी एकूण चढउताराऐवजी बीटाने भागिले. आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या फंडाचा बीटा १ धरू, औषधांच्या फंडाचा ०.६ धरू. मग ट्रेनर गुणोत्तर पहिल्याचे ६, तिसऱ्याचे ५.३ आणि औषधांच्या फंडाचे १० येते. जो तळाला होता तो शिखरावर गेला!

ही आकड्यांची जादूगिरी नव्हे. परळच्या बाईंनी नऊ हिस्से बाजारात ठेवून एक हिस्सा पहिल्या फंडात घातला, तर त्यांचा एकूण परतावा १२.१ टक्के होतो आणि चढउतार १५ टक्केच राहतो. तोच हिस्सा औषधांच्या फंडात घातला, तर परतावा तितकाच १२.१ टक्के, पण चढउतार १४.५ टक्क्यांवर उतरतो. एकटा घेतला तर अधिक धसमुसळा असणारा फंड त्यांच्या मोठ्या पुंजीला अधिक शांत करतो, कारण त्याचे बरेचसे हेलकावे बाजाराच्या हेलकाव्यांशी जुळत नाहीत.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. औषधांच्या फंडाच्या एकूण चढउताराचा वर्ग ४००, त्यातला बाजारामुळे येणारा भाग ८१. म्हणजे बाजाराने त्याच्या हालचालीचा केवळ पाचवा हिस्सा समजतो. या हिश्शालाच आर-स्क्वेअर्ड म्हणतात. तो इतका कमी असला की थोड्या वर्षांच्या आकड्यांवरून काढलेल्या बीटावर फार विसंबू नये. आज ०.६ दिसणारा बीटा उद्या ०.९ निघाला, तर १० चे ट्रेनर गुणोत्तर ६.७ वर येईल.

तिसरा प्रश्न वेगळाच आहे. गिरगावातील एखादा विचारील, 'इंडेक्स फंड स्वस्तात मिळत असताना मी व्यवस्थापकाला जास्त फी का द्यावी?' येथे इन्फर्मेशन रेशो कामास येतो. फंडाने आपल्या मानदंड निर्देशांकापेक्षा किती अधिक दिले, याला त्या फरकाच्याच चढउताराने भागावयाचे. पहिला फंड १ टक्का अधिक देतो, पण तो फरक वर्षावर्षाला साडेपाच टक्क्यांनी हेलकावतो. गुणोत्तर ०.१८. तिसरा ०.३ टक्काच अधिक देतो, पण हेलकावा ०.६ टक्क्याचा. गुणोत्तर ०.५. तिसरा येथे जिंकला. सेबीने १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने समभागप्रधान योजनांना हे गुणोत्तर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे, तेव्हा ते आता आपल्यासमोर येतच राहणार.

औषधांच्या फंडाचे काय? त्याला सर्वसाधारण निर्देशांकाशी लावून पाहिले तर गुणोत्तर ०.०५ च येते. पण त्याचा योग्य मानदंड औषध कंपन्यांचा निर्देशांक आहे. मानदंड बदलला की आकडा बदलतो, म्हणून कोणता निर्देशांक लावला हे आधी पाहिल्याविना हे गुणोत्तर वाचूच नये. शिवाय ०.५ म्हणजे लाखामागे वर्षाला केवळ ३०० रुपयांची वाढ असू शकते, हेही विसरू नये. गुणोत्तर सातत्य सांगते, रक्कम सांगत नाही.

आणि ते सातत्य तरी किती वर्षांत सिद्ध होते? ढोबळ नियम असा की, गुणोत्तराला वर्षांच्या वर्गमूळाने गुणावे आणि उत्तर दोनच्या आसपास आले, तरच ते निव्वळ नशीब नसावे असे म्हणता येते. तिसऱ्या फंडाला यासाठी सोळा वर्षे लागतात. पहिल्याला लागतात एकशे वीसच्या वर! इतका काळ एका व्यवस्थापकालाही लाभत नाही आणि त्याच्या गुंतवणूकदारालाही नाही. तीन वर्षांच्या आकड्यांवर लावलेले नंबर किती हलके असतात, ते यावरून ध्यानात यावे. आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या फंडांच्या शार्प गुणोत्तरांतील ०.०२ चा फरक तर इतका क्षुल्लक आहे की, त्यावरून त्यांना वरखाली बसवणे व्यर्थ होय.

तेव्हा लालबागच्या गृहस्थांनी शार्पचा आकडा पाहावा. परळच्या बाईंनी ट्रेनरचा पाहावा, पण आर-स्क्वेअर्ड किती आहे ते विचारून. आणि गिरगावकराने इन्फर्मेशन रेशो पाहावा, पण मानदंड कोणता आणि वर्षे किती, हे दोन प्रश्न विचारल्यावर. फंडांची यादी एकच असली, तरी तीन माणसांच्या पदरी असलेले धन वेगवेगळे आहे, म्हणून पहिला नंबरही वेगवेगळा आहे. कोणी 'पहिल्या नंबरचा फंड' म्हणून काही पुढे केले, तर तो कोणाच्या पुंजीसाठी पहिला, एवढे आपण त्याला विचारावे.