विकणे आहे : वापरलेला राउटर



जुना राउटर विकायला काढला की जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात. ‘एकदम नव्यासारखा’ आणि ‘स्पीड १२००’. पहिलीवर कुणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे तिचा फारसा उपद्रव नाही. घोटाळा होतो तो दुसरीने.

खोक्यावर ‘एसी १२००’ छापलेलं असतं, ती दोन वायफायची बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ मेगाबिट, म्हणजे खरं तर ११६७. त्याचे १२०० कंपनीनेच केले! शिवाय आपला फोन एका वेळी सहसा या दोहोंपैकी एकालाच जोडलेला असतो. तेव्हा ही बेरीज घेणाऱ्याच्या पदरात कधी पडतच नाही.

पण खरी मेख मागच्या बाजूला आहे. ज्या पोर्टमधून इंटरनेट राउटरमध्ये शिरतं तो पोर्ट स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा १०० मेगाबिटचाच असतो. घेणाऱ्याच्या घरी २०० चा प्लॅन असेल, तर वायफाय कितीही दणकट असो, त्याला ९५ च्या आसपासच मिळणार. तो बिचारा नेटवाल्याशी भांडत बसणार.

हे आधी तपासता येतं. गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप केबलने राउटरच्या त्याच पोर्टला जोडा आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. तिथे १००० दिसलं तर प्रश्नच नाही. १०० दिसलं तर लगेच राउटरला दोष देऊ नका, केबल बदलून पाहा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभराला चार पुरतात; एखादी तार तुटली तरी जोडणी शंभरावर घसरू शकते.

मी जाहिरात लिहिली तर अशी लिहीन : ‘राउटर विकणे आहे. खरेदी जून २०२१, बिल आहे. वायफाय ३०० अधिक ८६७. सर्व पोर्ट १०० मेगाबिटचे, म्हणून १०० पर्यंतच्या प्लॅनलाच घ्यावा. चारपैकी एक लॅन पोर्ट बंद. एक अँटेना सैल, पण चालते. सोबत मूळ १२ व्होल्टचा अडॅप्टर. केबल व खोका नाही. फायबरची तार थेट लागत नाही. घरी येऊन चालवून पाहावा.’

अडॅप्टर ‘मूळ’ म्हटलं, त्याला कारण आहे. पिन बसते म्हणून ९ व्होल्टचा भलताच अडॅप्टर दिला, तर राउटर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो आणि दोष राउटरवर येतो. फायबरचा उल्लेखही मुद्दाम केला. साध्या राउटरला आधी नेट कंपनीची पेटी लागते. ती पेटी बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीची असते, ती विकायला काढू नये.

देण्याआधी मागचं रिसेटचं बारीक बटण टाचणीने दहा-बारा सेकंद दाबून ठेवा. नाहीतर तुमच्या नेट खात्याचं नाव आणि पासवर्डही राउटरबरोबर जातील, जाहिरातीत न लिहिता.