पैसा एका ढिगात नको, कामाच्या नावाने हवा

(लाखांदूर येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी बचत किती करावी हे सांगणार नाही. केलेली बचत ठेवायची कशी, एवढाच विषय आहे. आपल्या तालुक्यातल्या बहुतेक घरांत पैसा महिन्याला येत नाही. धान विकले, चुकारा खात्यात जमा झाला, की तीच वर्षाची मोठी रक्कम. ती एकाच बचत खात्यात पडून राहते आणि वर्षभर सगळी कामे त्याच खात्यातून होतात. अडचण इथूनच सुरू होते.

एक उदाहरण धरू. घरात पाच एकर धानशेती आहे आणि मोठ्या मुलाचे मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. जानेवारीत खात्यात 4,20,000 रुपये आहेत. अम्मी-अब्बांना तीन वर्षांनी हजला पाठवायचे आहे. दोघांचा खर्च आजच्या अंदाजाने आठ लाख धरू. घरातले म्हणतात, निम्म्याहून जास्त जमा झाले. त्याच भरवशावर मुलगा नवी गाडी घ्यायचा विचार करतो.

आता हाच पैसा कामांत वाटून पाहू. जून-जुलैमध्ये बियाणे, खत आणि रोवणीची मजुरी यांना एकरी 14,000 धरले तर 70,000 लागतील. बहिणीची नर्सिंगची फी ऑगस्टमध्ये आहे, ती 80,000. घरखर्च महिन्याला 15,000 आहे. आजारपण किंवा पीक बुडणे अशा वेळेसाठी सहा महिन्यांचे 90,000 बाजूला हवेत. हे झाले 2,40,000. म्हणजे हजसाठी खरे उरले 1,80,000.

अजून 6,20,000 हवेत. घरातून वर्षाला 1,20,000 मागे पडत असतील तर त्याला पाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो, तोही खर्च आजच्याइतकाच राहिला तर. तीन वर्षांत जायचे असेल तर महिन्याला 10,000 नव्हे, 17,000 च्या वर टाकावे लागतील. हे त्या एका खात्याने कधीच सांगितले नसते. पासबुकावर एक आकडा असतो आणि प्रत्येक जण तो आपल्याच कामाचा समजतो. गाडीचे पैसे हजमधून गेले की बहिणीच्या फीमधून, हे ऑगस्ट उजाडेपर्यंत कळत नाही.

म्हणून पहिली पायरी कागदावरची आहे. प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा: किती लागणार, कोणत्या महिन्यात लागणार आणि तारीख पुढे ढकलता येते का. पैसा कुठे ठेवायचा हे या तारखेवरून ठरते. कोण किती परतावा देतो, हा प्रश्न नंतरचा.

आजारपणाचा पैसा त्याच दिवशी हातात आला पाहिजे. त्यासाठी वेगळे बचत खाते ठेवा आणि त्याचे कार्ड दुकानात जाणाऱ्याच्या खिशात नको, घरात ठेवा. खरिपाचा पैसा मुदत ठेवीत टाकत असाल तर ती मेच्या अखेरीस संपेल अशा बेताने करा. फीची ठेव जुलैमध्ये संपावी. 'एक वर्ष' असे सरसकट सांगू नका, बँकेत दिवस मोजून मुदत मागा. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याज कमी करतात. कर वाचवणारी पाच वर्षांची ठेव मात्र मधे मोडताच येत नाही, त्यामुळे फीचा पैसा चुकूनही तिच्यात जाऊ देऊ नका. ओळखीच्यांची भिसी असेल आणि जुलैची उचल आपल्याला मिळेल असे आधीच ठरत असेल, तर फीसाठी तीही चालते. पण उचल चिठ्ठीवर असेल तर ती तारखेच्या कामाची नाही.

आपल्यापैकी अनेक जण व्याज घेत नाहीत. त्यांनी इथे एक फरक ओळखावा. लिक्विड फंड हा म्युच्युअल फंड असला तरी त्याचा पैसा थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत असतो, म्हणजे मिळकत व्याजाचीच. टाटा एथिकल फंडासारखे शरियतच्या कसोटीवर कंपन्या निवडणारे फंड व्याज टाळतात, पण त्यांचा पैसा शेअरमध्ये असतो. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,300 च्या वर होता आणि 23 मार्चला 7,610 वर बंद झाला. अशा पडझडीत शेअरचे फंडही पडतात, नावात एथिकल असले तरी. म्हणून व्याज न घेणाऱ्याने जवळच्या कामाचा पैसा परताव्याची आशा सोडून वेगळ्या साध्या खात्यात ठेवावा. त्यात जमा होणाऱ्या व्याजाचे काय करायचे ते आपल्या आलिमांना विचारावे. शेअरच्या फंडात फक्त सात-आठ वर्षांनी लागणारा पैसा जावा, आणि तोही काम दोन-तीन वर्षांवर आले की टप्प्याटप्प्याने काढून घ्यावा. बाजार चढलेला असताना हे काढणे जिवावर येते, पण फंड कामासाठी घेतला होता, हे तेव्हा आठवावे.

सोन्याचेही तसेच. दागिन्यात घडणावळ जाते आणि विकताना घट धरतात. भावही खाली येऊ शकतो. फी भरायला सोने हा चांगला डबा नाही.

आता हजकडे परत येऊ, कारण त्याची तारीख आपल्या हातात नसते. हज कमिटीकडून जायचे तर अर्ज जास्त झाले की कुर्रा निघतो, आणि नाव लागले की पहिला हप्ता थोड्याच दिवसांत भरावा लागतो. 2026 च्या हजसाठी तो माणशी दीड लाखाहून थोडा जास्त होता. दोघांचे तीन लाख झाले. म्हणजे अर्ज करण्यापूर्वी निदान एवढी रक्कम लगेच निघेल अशा जागी हवी.

मलेशियात खेड्यातले लोक हजचा पैसा घरात दडवून ठेवत, किंवा शेवटी जमीन आणि जनावरे विकून जात. परत आल्यावर पोट भरायचे साधन उरत नसे. 1959 मध्ये अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी हजसाठीच वेगळी बचत संस्था काढण्याची योजना मांडली आणि 1963 मध्ये ती उभी राहिली. आज ती तबुंग हाजी म्हणून ओळखली जाते. तिथे हजचा डबा संस्थेने वेगळा करून दिला, आपण तो घरी करायचा.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. डबे चारपाचच असावेत. दहा खाती केली तर प्रत्येकात किमान शिल्लक अडकते आणि हिशेब सुटतो. एका डब्यातून दुसऱ्यासाठी पैसे घेण्याची वेळ येईलच. तेव्हा वहीत 'फीकडून खरिपाने 10,000 उसने' असे लिहा आणि परतीचा महिना टाका. दोनदा परत गेले नाहीत, तर खरिपाचा अंदाजच कमी धरला आहे असे समजा.

आणि नावे वेगळी केली तरी दोन हिशेब एकत्रच राहतात. एका बँकेत तुमच्या नावावर कितीही ठेवी असल्या तरी विम्याचे संरक्षण सगळ्या मिळून पाच लाखांपर्यंतच असते, त्यामुळे रक्कम त्यापुढे गेली की दुसरी बँक पाहा. जकातीचा हिशेबही तुमच्या मालकीच्या सगळ्या डब्यांची बेरीज करूनच होतो. हजचा पैसा म्हणून तो बाहेर राहत नाही.

दर तीन महिन्यांनी वही उघडा. प्रत्येक कामाची उरलेली रक्कम उरलेल्या महिन्यांनी भागा. आकडा तुम्ही दरमहा टाकता त्याहून मोठा निघाला तर तीनच वाटा आहेत: जास्त टाका, रक्कम कमी करा, नाहीतर तारीख पुढे न्या. आपल्या उदाहरणातल्या घराने तारीख पाच वर्षांवर नेली. गाडीसाठी पाचवा डबा उघडला आणि त्यात फक्त दुकानाची जादा कमाई टाकायची असे ठरवले. अम्मी-अब्बांना मात्र आता कोणत्या वर्षी अर्ज करायचा ते माहीत आहे.