विश्वस्त बदलले, आता कार्यालयाला कळवा

गावातले देऊळ असो, वाचनालय असो की शिक्षणसंस्था; तिची सार्वजनिक न्यास म्हणून नोंद झाली, की तिच्या विश्वस्तांची नावे सरकारी नोंदवहीत चढतात. या वहीला परिशिष्ट एक म्हणतात. आपण सभा घेऊन माणसे बदलतो, पण वहीतली नावे आपोआप बदलत नाहीत. ती आपण कळवावी लागतात. १९५० च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाचे कलम २२ त्यासाठीच आहे. बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत तो कळवावा, असे ते सांगते.

नवीन जालन्यातले एक वाचनालय कल्पू. त्याचे विश्वस्त सात. त्यातले एक १० जानेवारीला वारले. दुसऱ्यांनी आजारपणामुळे राजीनामा लिहून दिला. संस्थेचे नियम असे, की राजीनामा सभेने मंजूर करावा, सभेची नोटीस १५ दिवस आधी द्यावी, आणि चार विश्वस्त हजर असल्याशिवाय गणपूर्ती होऊ नये. सभा १५ मार्चला झाली. पाचही जण आले. राजीनामा मंजूर झाला आणि दोन्ही जागा भरल्या.

आता ९० दिवस कुठून मोजायचे? पुष्कळ जण सभेपासून मोजतात. पण मृत्यू हा स्वतंत्र बदल आहे आणि तो १० जानेवारीलाच घडला. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला, तर त्याची मुदत १० एप्रिलला संपते. राजीनामा आणि नव्या नेमणुका १५ मार्चच्या; त्यांची मुदत १३ जूनपर्यंत. तेव्हा सगळे एकदम कळवायचे असेल तर १० एप्रिलच्या आत कळवावे. उशीर झालाच, तर त्याचे सबळ कारण लिहून मुदत वाढवून मागावी लागते, आणि २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे त्यासाठी खर्चाची रक्कम भरावी लागते.

पत्र मुंबईला धाडायचे नाही. ते जालन्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात, सहायक धर्मादाय आयुक्तांच्या नावे द्यावे. मजकूर थोडका असावा:

“आमच्या न्यासाचा नोंदणी क्रमांक अमुक. विश्वस्त श्री. अमुक हे १० जानेवारी रोजी मयत झाले. श्री. तमुक यांचा राजीनामा १५ मार्चच्या सभेत ठराव क्रमांक १ ने मंजूर झाला. त्यांच्या जागी अनुक्रमे खालील दोघांची ठराव क्रमांक २ ने नेमणूक झाली. अनुसूची तीनमधील बदल अर्ज व ठरावांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.”

लक्षात ठेवा, हे पत्र केवळ सोबतचे. खरा अर्ज अनुसूची तीनचा नमुना. तो बदल कळवणाऱ्या विश्वस्ताने सहीनिशी सत्यापित करायचा असतो. त्याला सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरी, ठरावांच्या खऱ्या प्रती, मृत्यूचा दाखला, राजीनामापत्र आणि नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे जोडावीत.

अडते कुठे? बहुधा ठरावात. “सर्वानुमते नवे विश्वस्त निवडले” एवढेच लिहून भागत नाही. कोण गेले, कोणाच्या जागी कोण आले, कोणत्या तारखेपासून, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सारे हवे. दुसरी अडचण नोटिशीची. तिच्यावर ५ मार्च तारीख असेल, तर सभेपर्यंत दहाच दिवस होतात, नियम पंधराचा. ठराव कितीही सुबक लिहिला तरी नाराज मंडळी नेमके इथेच बोट ठेवतात. निवडणुकीचा विषय नोटिशीत नव्हता आणि ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून घेतला, तरीही तीच गत. म्हणून नोटीस-बुकावर प्रत्येकाची तारखेसह सही घ्यावी, नाही तर टपालाची पावती जपावी. मूळ इतिवृत्त हाताशी असावे. प्रतीतला शब्द आणि वहीतला शब्द एकच हवा.

अर्ज गेला म्हणजे वही लगेच बदलली असे नव्हे. विश्वस्तांच्या नावांचा बदल आधी तात्पुरता स्वीकारून हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस काढता येते. हरकत आली नाही, तर तो आदेश कायम होतो. आली, तर चौकशी होते. मग तोवर नव्या मंडळींनी हात बांधून बसावे काय? चेंबूर ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले, की रीतसर निवडून आलेल्यांनी कामासाठी मंजुरीची वाट पाहायला नको. पण बँक परिशिष्ट एकचा उतारा मागते, आणि त्यावर जुनीच नावे असली की खाते अडते.

एक बदल कळवायचा राहिला, की पुढचाही अडतो. कारण नवी सभा बोलावणारेच वहीत नसतात. म्हणून उद्या शाळेच्या वा देवळाच्या कपाटातून परिशिष्ट एकचा उतारा काढा आणि त्यावरची नावे आजच्या विश्वस्तांशी एकेक ताडून पाहा.