साहेबांसाठी दोन पानांचं टिपण
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील मनोगत)



गटाच्या बचत खात्यात पैसे दिसतात, पण काढायला गेलं की बँक म्हणते, "कर्ज फिटेपर्यंत होल्ड आहे." हे आपण जिल्हाधिकाऱ्यांना लिहून देणार आहोत. मी आधी पाच पानं लिहिली होती, त्यातलं दीड पान संघाच्या स्थापनेवर. अध्यक्षाताईंनी वाचलं नि विचारलं, "साहेबांनी करायचं काय, ते कुठंय?" ते शेवटच्या पानावर होतं. म्हणून आता तेच सुरुवातीला घेतलंय.

पहिल्या चार ओळींत एवढंच: सात गट, हप्ते नियमित, तरी प्रत्येकी 30 हजार अडकलेले, म्हणजे एकूण 2 लाख 10 हजार. आणि दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण घेऊ नये, बचत खातं अडवू नये, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे.

आधी यादीत नऊ गट होते. पासबुकं घेऊन शाखेत बसले तेव्हा कळलं, दोन खाती केवायसीची कागदं न दिल्यानं बंद आहेत. ती चूक आपली. ते दोन गट यादीत राहिले असते तर बँकेनं नेमकं तेच दाखवलं असतं आणि बाकीच्या सातांचंही कुणी ऐकलं नसतं. म्हणून होल्ड कशासाठी आहे, हे शाखेकडून लेखी मागा. देत नसतील तर आपणच अर्ज द्या नि पोच घ्या.

पुढे तीन मार्ग मांडलेत. एक, प्रत्येक गटानं शाखेत भांडायचं. ते वर्षभर करून झालं. दुसरा, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. तिला पैसे लागत नाहीत, पण आधी बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस थांबावं लागतं, आणि प्रत्येक गटाची तक्रार वेगळी चालते. तिसरा, बँकांच्या जिल्हा सल्लागार समितीत हा विषय घेणं. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. आपण तिसरा सुचवलाय, आणि त्याची उणी बाजूही लिहिलीय: समितीची बैठक साधारण तीन महिन्यांनी होते, तोवर थांबावं लागेल.

मागणी करताना जपायचं, बघा. "आम्हाला कर्ज मिळवून द्या" असं लिहायचं नाही, कर्ज मंजूर करणं साहेबांच्या हातात नसतं. विषय बैठकीत घेणं आणि अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडून शाखानिहाय लेखी अहवाल मागवणं, हे मात्र त्यांच्या हातात आहे. तेवढंच मागितलंय.

सातही गटांच्या सचिवांनी पासबुकाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स शुक्रवारपर्यंत लेखापालताईंकडे द्या. शिक्का नीट दिसू द्या गं, मागच्या वेळी अर्धा कापला होता.